अकरा संघांची बाद पद्धतीची भाग्यपत्रिका : पुढे चाल कुणाला, कुठे आणि कधी

प्रश्न : आमच्या पेठेतील तालीम मंडळाच्या वतीने फुटबॉल स्पर्धा घेत आहोत. अकरा संघांच्या प्रवेशिका आल्या आहेत. सरळ जोड्या लावल्या तर एक संघ उरतो, त्याला पुढे चाल दिली की सहा होतात, मग तीन होतात आणि पुन्हा एक उरतो. गतवर्षीचे चार उपांत्य फेरीचे संघ आहेत, एका तालमीचे अ आणि ब असे दोन संघ आहेत, आणि गतविजेत्याला थेट उपांत्य फेरीत घ्यावे असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह आहे. भाग्यपत्रिका कशी तयार करावी?

उत्तर :

पुढे चाल फक्त पहिल्या फेरीत द्यायची आणि ती सगळी एकदम तिथेच संपवायची, हा बाद पद्धतीचा मूळ नियम आहे. आपण जी अडचण मांडली आहे ती अकरा या आकड्यामुळे आलेली नसून, प्रत्येक फेरीत उरलेल्या संघाला त्या त्या वेळी पुढे चाल देण्याच्या पद्धतीमुळे आली आहे. अकरातून पाच सामने होऊन सहा संघ उरतात, सहातून तीन, आणि तीनपैकी एक जण न खेळता थेट अंतिम सामन्यात जातो. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळालेल्याच संघाला चिठ्ठीच्या बळावर ही दुसरी पुढे चालही मिळाली, तर तो केवळ दोन सामने खेळून चषक उचलतो आणि त्याच्यासमोर अंतिम सामन्यात उभा असलेला संघ त्या दिवशी आपला चौथा सामना खेळत असतो. मैदानावरची बहुतेक भांडणे इथून सुरू होतात, आणि ती रास्तही असतात.

योग्य पद्धतीत प्रथम संघसंख्येच्या वरची, दोनाच्या पटीत दुप्पट होत जाणारी संख्या घ्यायची : ४, ८, १६, ३२. अकराच्या वरची अशी संख्या १६ आहे. १६ मधून ११ वजा केले की ५ उरतात. तेवढ्या पुढे चाली द्यायच्या. पहिल्या फेरीचे सामने किती, हे काढण्यासाठी ११ मधून १६ च्या निम्मे, म्हणजे ८, वजा करायचे. उत्तर येते ३. या तीन सामन्यांत सहा संघ खेळतात, तीन जिंकतात, पाच संघ वाट पाहत असतात, आणि उपांत्यपूर्व फेरीत बरोबर आठ संघ उभे राहतात. तिथून पुढे आठाचे चार, चाराचे दोन, कुठेही कुणी उरत नाही. एकूण सामने दहाच होतात, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि विजेता ठरण्यासाठी दहा संघ बाद व्हावे लागतात. आपल्या आधीच्या पद्धतीतही सामने दहाच होत होते. म्हणजे या मांडणीने खर्च किंवा दिवस वाढत नाहीत, फक्त फरक वाजवी राहतो : पुढे चाल मिळालेल्या संघाला चषकासाठी तीन सामने जिंकावे लागतात आणि इतरांना चार. याहून मोठी तफावत कुणाच्याही वाट्याला येत नाही.

आता या पाच पुढे चाली पत्रिकेत कुठे बसवायच्या, हा खरा कौशल्याचा भाग आहे. संख्या बरोबर काढूनही अनेक आयोजक इथे चुकतात, कारण ते पाच संघांची नावे पत्रिकेच्या वरच्या भागात ओळीने लिहून टाकतात आणि खेळणारे सहा संघ खाली एकत्र येतात. मग वरच्या बाजूला न खेळलेले संघ आपसांत भिडतात आणि खालच्या बाजूला पहिल्या फेरीतले विजेते आपसांत. हे टाळण्यासाठी संघांची नावे लिहिण्याच्या आधी जागा ठरवाव्यात. जागांना १ ते १६ क्रमांक द्यावेत आणि पहिल्या फेरीतील प्रत्येक जोडीची बेरीज १७ येईल अशा जोड्या लावाव्यात : १ आणि १६, २ आणि १५, ३ आणि १४, याप्रमाणे ८ आणि ९ पर्यंत. आपल्याकडे संघ अकराच असल्यामुळे १२ ते १६ या जागा रिकाम्या राहतात, आणि ज्या जागेसमोर रिकामी जागा येते तिला पुढे चाल मिळते. १ ते ५ या जागांना ती आपोआप मिळते. ६ विरुद्ध ११, ७ विरुद्ध १० आणि ८ विरुद्ध ९ हे तीन सामने उरतात.

या जोड्या पत्रिकेत वरून खाली कोणत्या क्रमाने येतात, हेही ठरलेले आहे आणि ते पाठ करण्याची गरज नाही. सुरुवात अंतिम सामन्यापासून करावी : १ आणि २. त्यानंतर चारांची मांडणी करताना प्रत्येक क्रमांकाशेजारी बेरीज ५ होईल असा क्रमांक लिहावा : १, ४, २, ३. आठांसाठी बेरीज ९ : १, ८, ४, ५, २, ७, ३, ६. सोळांसाठी बेरीज १७ : १, १६, ८, ९, ४, १३, ५, १२ हा वरचा अर्धा भाग, आणि २, १५, ७, १०, ३, १४, ६, ११ हा खालचा अर्धा भाग. काही ठिकाणी दुसऱ्या मानांकनाचा संघ पत्रिकेच्या अगदी शेवटच्या ओळीवर लिहिण्याची प्रथा आहे; तसे हवे असल्यास खालचा अर्धा भाग उलट्या क्रमाने लिहावा, जोड्या त्याच राहतात. रिकाम्या जागा गाळून जी पत्रिका हाती येते ती अशी :

| सामना | फेरी | कोण विरुद्ध कोण |
|---|---|---|
| १ | पहिली | जागा ८ विरुद्ध जागा ९ |
| २ | पहिली | जागा ७ विरुद्ध जागा १० |
| ३ | पहिली | जागा ६ विरुद्ध जागा ११ |
| ४ | उपांत्यपूर्व | जागा १ विरुद्ध सामना १ चा विजेता |
| ५ | उपांत्यपूर्व | जागा ४ विरुद्ध जागा ५ |
| ६ | उपांत्यपूर्व | जागा २ विरुद्ध सामना २ चा विजेता |
| ७ | उपांत्यपूर्व | जागा ३ विरुद्ध सामना ३ चा विजेता |
| ८ | उपांत्य | सामना ४ चा विजेता विरुद्ध सामना ५ चा विजेता |
| ९ | उपांत्य | सामना ६ चा विजेता विरुद्ध सामना ७ चा विजेता |
| १० | अंतिम | सामना ८ चा विजेता विरुद्ध सामना ९ चा विजेता |

पत्रिका फलकावर लावली की सामना ५ कडे बोट दाखवून कुणीतरी हमखास विचारेल, की पुढे चाल मिळालेल्या दोघांनाच एकमेकांसमोर का आणले. याचे उत्तर आधीच तयार ठेवावे. उपांत्यपूर्व फेरीत चार सामने आहेत आणि पुढे चाल मिळालेले संघ पाच आहेत. चार सामन्यांत पाच जणांना वेगवेगळे ठेवता येत नाही, म्हणून त्यांपैकी एक जोडी होणारच. त्या जोडीतील दोघेही ताजेतवाने असतात, त्यामुळे त्यात कुणावर अन्यायही होत नाही. उलट प्रसंग मात्र चालवून घेऊ नये. या पत्रिकेत पहिल्या फेरीतील तीन विजेत्यांपैकी कोणतेही दोन जण उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांसमोर येताना दिसले, तर पुढे चाली एका बाजूला गोळा झाल्या आहेत असे खुशाल समजावे. पत्रिका तपासण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही : तयार पत्रिका हाती घेतल्यावर मी आधी हेच पाहतो.

शाळांच्या स्पर्धांत आणि शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत याच गोष्टीची दुसरी रीत आढळते. तिच्यात अकरांचे वर सहा आणि खाली पाच असे दोन भाग करतात, वरच्या भागाला दोन आणि खालच्या भागाला तीन पुढे चाली देतात. पहिली खालच्या भागाच्या शेवटच्या ओळीला, दुसरी वरच्या भागाच्या पहिल्या ओळीला, तिसरी खालच्या भागाच्या पहिल्या ओळीला, चौथी वरच्या भागाच्या शेवटच्या ओळीला, आणि मग पाचवी पुन्हा खाली. आपल्या पत्रिकेत पाच संघ वर आणि सहा खाली आले आहेत, एवढाच फरक. तत्त्व तेच आहे. आपल्या पंचांना किंवा क्रीडाशिक्षकांना ती रीत अंगवळणी पडली असेल तर तीच वापरावी, मात्र दोन्ही रीतींची सरमिसळ करू नये, कारण एका रीतीतली ओळ आणि दुसऱ्या रीतीतला मानांकन क्रमांक एकत्र आले की घोळ होतो आणि तो चिठ्ठ्या निघाल्यावर लक्षात येतो.

आता संघ बसवू. गतवर्षीचा विजेता जागा १ वर आणि उपविजेता जागा २ वर बसवावा. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांमध्ये वरचढ कोण हे मैदानात ठरलेले नसते, म्हणून जागा ३ आणि जागा ४ साठी त्या दोघांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. मानांकन गतवर्षीच्या निकालावर न ठेवता चालू हंगामाच्या लीगमधील स्थानावर ठेवायचे असेल तर तेही चालते, आणि वर्षभरात संघाचे खेळाडू बदलले असतील तर ते अधिक योग्यही ठरते. परंतु कोणता आधार घेणार हे प्रवेशिका मागवतानाच नियमावलीत छापलेले असले पाहिजे. अकरा नावे समोर आल्यावर आधार ठरवला, तर तो कितीही प्रामाणिकपणे ठरवलेला असला तरी कोल्हापुरात कुणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. इथे संघ म्हणजे अख्खी पेठ असते.

मानांकित चार संघांनी चार पुढे चाली घेतल्या. पाचवी, म्हणजे जागा ५, उरलेल्या सात संघांपैकी एकाला मिळणार आहे, आणि ती चिठ्ठीनेच द्यावी. इथे तालमीच्या अ आणि ब संघांचा मुद्दा येऊन मिळतो, आणि तो जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकाच तालमीचे दोन संघ पत्रिकेच्या दोन वेगवेगळ्या अर्ध्या भागांत असावेत, म्हणजे ते अंतिम सामन्याआधी समोरासमोर येत नाहीत. अ संघ गतवर्षीचा उपविजेता आहे असे धरू. तो जागा २ वर, म्हणजे खालच्या भागात गेला. मग ब संघ वरच्या भागात हवा, आणि वरच्या भागात मोकळ्या जागा आहेत तीन : ५, ८ आणि ९. बहुतेक ठिकाणी या तीन जागांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात टाकतात, ब संघाकडून सर्वांत आधी एक उचलून घेतात आणि मग उरलेल्या सहा संघांची सोडत काढतात. वरवर यात काहीच वावगे दिसत नाही. परंतु ब संघाला जागा ५, म्हणजे पुढे चाल, मिळण्याची शक्यता यात तीनात एक होते आणि इतर सहांपैकी प्रत्येकाची नऊत एक. केवळ मोठ्या तालमीचा दुसरा संघ असल्याबद्दल त्याला इतरांच्या तिप्पट संधी मिळते, आणि कुणाचाही तसा हेतू नसताना मिळते.

म्हणून चिठ्ठ्यांचा क्रम बदलावा. प्रथम सातही अमानांकित संघांची नावे एका भांड्यात टाकून एकच चिठ्ठी काढावी. जो संघ निघेल तो जागा ५ वर. प्रत्येकाची संधी इथे सातात एक, सारखी. ती ब संघाला लागली तर तो आपोआप वरच्या भागात गेलाच. उरलेल्या सहा संघांसाठी ६ ते ११ या जागांच्या चिठ्ठ्या टाकून काम संपते. ती दुसऱ्या कुणाला लागली तर दुसऱ्या टप्प्यात ब संघासाठी फक्त ८ आणि ९ या दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात, आणि त्याची जागा ठरल्यावर तिसऱ्या टप्प्यात राहिलेल्या पाच संघांसाठी राहिलेल्या पाच जागांच्या चिठ्ठ्या. आधी पुढे चाल, मग अ-ब संघांची फारकत, मग बाकीचे, हा क्रम इतर कोणत्याही संघसंख्येत उपयोगी पडतो, फक्त पुढे चालीची जागा अ संघाच्याच भागात येत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. आपल्या पत्रिकेत जागा ५ वरच्या भागात आहे म्हणून प्रश्न आला नाही. अ संघ जागा १ किंवा ४ वर असता तर ब संघाला जागा ५ देताच आली नसती, आणि तेव्हा ही बाब कर्णधारांना सोडतीपूर्वी स्पष्ट सांगावी लागली असती.

सोडत सर्व संघांच्या कर्णधारांसमोर किंवा प्रतिनिधींसमोर काढावी. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि सारख्या घडीच्या असाव्यात. टाकण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठी उघडून सर्वांना दाखवावी आणि मगच घडी घालावी. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, ती सोडू नये. भरलेल्या पत्रिकेवर उपस्थितांच्या सह्या तिथल्या तिथे घ्याव्यात आणि तिचा फोटो सगळ्यांना लगेच पाठवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी फलकावर लागणारी पत्रिका वेगळी आहे अशी शंका घ्यायला जागा उरत नाही.

गतविजेत्याला थेट उपांत्य फेरीत घेण्याचा आग्रह आपण नम्रपणे नाकारावा, असे माझे मत आहे. अंकगणिताने ते जमते, म्हणूनच लोक त्यासाठी आग्रह धरतात. पण त्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. पत्रिकेचा एक पूर्ण चतुर्थांश भाग त्याच्या एकट्यासाठी राखावा लागतो, उरलेल्या दहा संघांना तीन चतुर्थांशांतल्या बारा जागांत बसवावे लागते, आणि त्यांच्या वाट्याला चाराऐवजी दोनच पुढे चाली येतात. पहिल्या फेरीत सहाऐवजी आठ संघांना खेळावे लागते. गतविजेता दोन सामन्यांत पुन्हा विजेता होऊ शकतो आणि पहिल्या फेरीपासून खेळणाऱ्याला चारच सामने जिंकावे लागतात. गतविजेत्याचा मान जागा १ आणि एक पुढे चाल यांत पुरेसा राखला जातो.

सोडतीनंतर बदल होतात, त्यांचे काय करायचे तेही नियमावलीत असावे. सोडतीच्या आधी बारावा संघ आला, तर तो सरळ जागा १२ वर जातो आणि जागा ५ ची पुढे चाल संपते; मग पुढे चाली चार आणि त्या चारही मानांकित संघांना, त्यामुळे पत्रिका खरे तर अधिक सुबक होते. अशा वेळी चिठ्ठ्या ५ ते १२ या आठ जागांच्या टाकाव्यात, आणि ब संघासाठी आधी वरच्या भागातील ५, ८, ९, १२ या चार. पुढे चाल आता त्यांत नसल्याने त्याला आधी उचलू दिले तरी कुणाचे नुकसान होत नाही. सोडत झाल्यावर मात्र नवीन संघ घेऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो. सोडतीनंतर एखाद्या संघाने माघार घेतली किंवा तो मैदानावर आलाच नाही, तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याला विजयी घोषित करावे आणि बाकीची पत्रिका तशीच ठेवावी. रिकाम्या झालेल्या जागी हरलेला संघ आणून बसवू नये. नोंदवहीत या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात : पहिल्या फेरीतील पुढे चाल हा सामना नव्हेच, तिला सामना क्रमांक नसतो, प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेला विजय हा त्या क्रमांकाच्या सामन्याचा निकाल असतो. असे लिहिले की शेवटी दहा सामन्यांचा हिशेब जुळतो.

वेळापत्रक करताना सामना ५ चा फायदा घ्यावा. तो कोणत्याही निकालावर अवलंबून नाही, त्यामुळे तो पहिल्या फेरीच्या दिवसांतच उरकता येतो. पहिल्या दिवशी सामना १ आणि २, दुसऱ्या दिवशी ३ आणि ५, तिसऱ्या दिवशी ४ आणि ६, चौथ्या दिवशी ७, पाचव्या दिवशी ८, सहाव्या दिवशी ९, सातवा दिवस विश्रांतीचा आणि आठव्या दिवशी अंतिम सामना, असे ठेवले तर कोणत्याही संघाला लागोपाठ दोन दिवस खेळावे लागत नाही. चौथ्या दिवशी जागा मोकळी दिसते म्हणून सामना ८ तिथे ओढण्याचा मोह होतो. तसे केल्यास सामना ४ चा विजेता आदल्या दिवशी खेळून आलेला असेल आणि सामना ५ चा विजेता एक दिवस विसावलेला असेल. चार सामन्यांच्या वाटेवरून आलेल्या संघावर हा भार विशेष पडतो, कारण सामना ४ मध्ये पहिल्या फेरीतून आलेला संघ जिंकला असेल तर त्याचा तो चार दिवसांत तिसरा सामना ठरतो. अंतिम सामना रविवारी हवा असेल तर आदल्या रविवारी सुरुवात करावी. दिवस बरोबर आठ होतात.

ही पद्धत कुठे तोकडी पडते तेही सांगतो, कारण पुढच्या वर्षी आपल्याकडे नऊच संघ येऊ शकतात. नऊ संघांत पुढे चाली सात होतात आणि पहिल्या फेरीत एकच सामना उरतो, जागा ८ विरुद्ध जागा ९. सतरा संघांत तर पंधरा जणांना पुढे चाल आणि दोनच संघांना जादा सामना. गणित तेव्हाही बरोबरच असते, पण दोनच संघांवर पडणारा तो जादा सामना त्यांना शिक्षेसारखा वाटतो. अशा वेळी त्याला पहिली फेरी न म्हणता पात्रता सामना म्हणावे, तो मुख्य स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी घ्यावा, आणि त्या दोन जागा कुणाच्या, हे शक्य असल्यास प्रवेशिका दाखल झाल्याच्या क्रमाने ठरवावे, म्हणजे शेवटी आलेले दोन संघ तो सामना खेळतील. हा नियम आधी जाहीर केलेला असला की प्रवेशिकाही वेळेवर येऊ लागतात.